सीमांत खर्चाचा वक्र सरासरी खर्चाच्या वक्राला तळाशीच का छेदतो?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षापासून एक आकृती काढावयास शिकतो. सरासरी खर्चाचा एक वक्र, बशीसारखा खोलगट. सीमांत खर्चाचा दुसरा वक्र, आधी खाली उतरून मग वेगाने वर जाणारा. आणि दोहोंची भेट पहिल्या वक्राच्या अगदी तळाच्या बिंदूवर. आकृतीखाली वाक्यही ठरलेले असते : 'सीमांत खर्चाचा वक्र सरासरी खर्चाच्या वक्राला त्याच्या किमान बिंदूत खालून छेदतो.' वाक्य बरोबर आहे. परंतु 'असे का?' हा पुढचा प्रश्न विचारला की वर्गात शांतता पसरते. कोणी म्हणतो, 'दोन्ही वक्र यू आकाराचे असतात म्हणून.' कोणी म्हणतो, 'सीमांत खर्च वाढू लागतो म्हणून सरासरीही वाढू लागते.' पहिले उत्तर अपुरे आहे, कारण यू आकाराचे दोन वक्र एकमेकांना कोठेही छेदू शकतील. दुसरे तर चूकच आहे. सीमांत खर्च वाढत असतानासुद्धा सरासरी खर्च खुशाल घटत राहू शकतो, हे आपण पुढे आकड्यांतच पाहणार आहोत.

हा प्रश्न शब्दांनी सोडवण्यापेक्षा हिशेबाने सोडवलेला बरा. त्यासाठी एक लहानसा सुतारी कारखाना डोळ्यांसमोर आणू. पत्र्याची एक शेड, लाकूड चिरण्याचे एक यंत्र, दोन कामाची टेबले. हा कारखाना शाळांसाठी बाके करतो. शेडचे भाडे आणि यंत्राच्या कर्जाचा हप्ता मिळून आठवड्याला २२०० रुपये द्यावे लागतात, मग बाक एक होवो, आठ होवोत की एकही न होवो. हा झाला स्थिर खर्च. प्रत्येक बाकाला ५०० रुपयांचे लाकूड, खिळे आणि पॉलिश लागते, आणि त्यावर मजुरी. लाकूड आणि मजुरी मिळून बदलता खर्च होतो. आकडे कल्पित आहेत, सोयीसाठी गोल घेतले आहेत. पण त्यांची चाल मात्र खऱ्या कारखान्यासारखी ठेवली आहे.

पहिल्या बाकाला मजुरी ५०० रुपये पडते. एकच माणूस सगळे करतो : लाकूड मोजतो, चिरतो, रंधा मारतो, ठोकतो, मध्येच हत्यार बदलतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बाकाच्या वेळी कामाची वाटणी होते, फळ्या एकदमच चिरल्या जातात, यंत्राची मांडणी पुन्हा करावी लागत नाही. म्हणून दुसऱ्या बाकासाठी मजुरीत ३०० रुपयांची आणि तिसऱ्यासाठी अवघ्या २०० रुपयांची भर पडते. चौथ्यापासून मात्र गर्दी जाणवू लागते. यंत्र एकच, टेबले दोनच. एक जण चिरीत असता दुसरा थांबून राहतो. चौथ्या बाकाला ३००, पाचव्याला ५००, सहाव्याला ८००. सातवे आणि आठवे बाक तर रात्री थांबून, जादा वेळेची मजुरी देऊनच पुरे होते : त्यांना १२०० आणि १७०० रुपये मजुरी पडते. पुस्तकात ज्याला बदलत्या प्रमाणांचा नियम म्हणतात तो हाच. जागा आणि यंत्र तेवढेच ठेवून माणसे वाढवीत गेले तर आधी फायदा होतो, मग अडचण होते.

आता सगळा हिशेब एकत्र मांडू. सर्व रक्कम रुपयांत आहे आणि सरासऱ्या जवळच्या पूर्ण रुपयापर्यंत दिल्या आहेत.

| बाके | स्थिर खर्च | बदलता खर्च | एकूण खर्च | सीमांत खर्च | सरासरी बदलता खर्च | सरासरी एकूण खर्च |
|---|---|---|---|---|---|---|
| ० | २२०० | ० | २२०० | – | – | – |
| १ | २२०० | १००० | ३२०० | १००० | १००० | ३२०० |
| २ | २२०० | १८०० | ४००० | ८०० | ९०० | २००० |
| ३ | २२०० | २५०० | ४७०० | ७०० | ८३३ | १५६७ |
| ४ | २२०० | ३३०० | ५५०० | ८०० | ८२५ | १३७५ |
| ५ | २२०० | ४३०० | ६५०० | १००० | ८६० | १३०० |
| ६ | २२०० | ५६०० | ७८०० | १३०० | ९३३ | १३०० |
| ७ | २२०० | ७३०० | ९५०० | १७०० | १०४३ | १३५७ |
| ८ | २२०० | ९५०० | ११७०० | २२०० | ११८८ | १४६३ |

या कोष्टकातील सीमांत खर्चाचा रकाना आणि शेवटचा रकाना शेजारी ठेवून वरून खाली वाचत जावे. सीमांत खर्च तिसऱ्या बाकाला ७०० रुपये, म्हणजे सर्वांत कमी आहे. चौथ्या बाकाला तो ८०० झाला, पाचव्याला १०००. तो वाढतो आहे. तरी सरासरी खर्च १५६७ वरून १३७५ वर आणि तेथून १३०० वर उतरतो आहे. 'सीमांत वाढला की सरासरी वाढते' हे उत्तर येथेच बाद होते. सीमांत खर्च वर चालला आहे की खाली, याच्याशी सरासरीला कर्तव्य नाही. नवे बाक आजवरच्या सरासरीहून स्वस्त पडले की महाग, एवढेच ती पाहते. पाचवे बाक चौथ्यापेक्षा महाग पडले हे खरे, पण १००० रुपये हा आकडा चार बाकांच्या १३७५ या सरासरीहून अजून कमीच होता. म्हणून त्याने सरासरी खाली ओढली.

किती खाली ओढली, हेही काढता येते, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली या एका ओळीत आहे :

नवी सरासरी = जुनी सरासरी + (सीमांत खर्च – जुनी सरासरी) ÷ नगांची नवी संख्या

ही ओळ पाठ करण्याची गरज नाही. ती आपोआप सुचते. चार बाकांची सरासरी १३७५ आहे. पाचवे बाकही १३७५ रुपयांतच झाले असते तर सरासरी हललीच नसती. ते १००० रुपयांत झाले, म्हणजे ३७५ रुपये वाचले. ही बचत आता पाचही बाकांत सारखी वाटली जाते, प्रत्येकी ७५ रुपये. १३७५ मधून ७५ गेले, राहिले १३००. कोष्टकातही तेच आहे. सातव्या बाकाचे पाहा : १७०० हे १३०० पेक्षा ४०० रुपयांनी जास्त. हे ४०० सात बाकांवर वाटले की प्रत्येकी सुमारे ५७ रुपये येतात, आणि सरासरी १३५७ होते.

आणि सहावे बाक? ते नेमके १३०० रुपयांना पडले, आणि पाच बाकांची सरासरीही १३०० च होती. कंसातील वजाबाकी शून्य आली. वाटण्यासाठी बचतही नाही, तोटाही नाही. सरासरी जागच्या जागी राहिली. ती येथवर उतरत आली होती, येथून पुढे चढणार आहे, आणि या मधल्या पायरीवर क्षणभर सपाट आहे. उतार संपून चढ सुरू होण्याची जागा म्हणजेच तळ. सीमांत आणि सरासरी यांची गाठ तळाशी पडते ती अशी. सीमांत सरासरीच्या खाली आहे तोवर तळ आलेला नसतो. सीमांत वर गेला की तळ मागे पडलेला असतो. तेव्हा दोन्ही सारखे असतील ती एकच जागा तळासाठी उरते.

यात अर्थशास्त्र किती आणि अंकगणित किती, हे वेगळे करून पाहण्याजोगे आहे. वक्र खोलगट का होतो, याचे उत्तर अर्थशास्त्र देते : शेड एक, यंत्र एक, माणसांची गर्दी. पण खोलगट असेल तर छेद तळाशीच का, याचे उत्तर निव्वळ अंकगणिताचे आहे. ते बाकांना लागू पडते तसे कोणत्याही सरासरीला लागू पडते. क्रिकेटशौकिनांना डॉन ब्रॅडमनचे उदाहरण ठाऊक असेलच. ऑगस्ट १९४८ मध्ये ओव्हलच्या मैदानावर तो शेवटच्या कसोटी डावासाठी उतरला तेव्हा त्याच्या नावावर ६९९६ धावा होत्या आणि तो ६९ वेळा बाद झालेला होता, सरासरी १०१.३९. होलीसने त्याला शून्यावर त्रिफळाचीत केले. वरच्या ओळीत हे आकडे घालावेत. सीमांत धावा शून्य, जुनी सरासरी १०१.३९, फरक उणे १०१.३९, तो सत्तर बादांवर वाटला की उणे १.४५, म्हणून नवी सरासरी ९९.९४. मागील डावापेक्षा या डावात धावा कमी झाल्या की जास्त, हा प्रश्न हिशेबात कोठे आलाच नाही. तसेच, चार धावा काढल्या असत्या तरी सरासरी खालीच आली असती, फक्त बरोबर शंभरावर थांबली असती. ती होती तेथेच राहण्यासाठी त्याला एकशे एकाच्या वर धावा हव्या होत्या! सरासरीच्या खालचा प्रत्येक आकडा सरासरीला खालीच नेतो, तो स्वतः लहान असो की मोठा.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट ध्यानात येते. भागाकार सत्तराने झाला म्हणून शून्याचा धक्काही दीड धावेपलीकडे गेला नाही. नग वाढत जातात तसतशी सरासरी जड होत जाते आणि नव्या नगाचा परिणाम तिच्यावर कमी कमी होतो. आपल्या आकृतीत सीमांत खर्चाचा वक्र सरळसोट वर जातो आणि सरासरीचा वक्र मात्र त्याच्या मागून सावकाश वळतो, त्याचे कारण हा भागाकार आहे.

ज्यांनी गणित हा विषय घेतला आहे त्यांना हेच कलनशास्त्राच्या भाषेत दोन ओळींत मांडता येईल. एकूण खर्च ख आणि नग न धरले तर सरासरी खर्च म्हणजे ख ÷ न. त्याचे न च्या संदर्भात विकलन केले असता (सीमांत खर्च – सरासरी खर्च) ÷ न एवढेच उरते. न हा धन असल्याने सरासरीचा चढउतार सर्वस्वी कंसाच्या चिन्हावर ठरतो. कंस शून्य तेथे वक्र सपाट. मात्र येथे एक सावधगिरी हवी. वक्र तळाशी जसा सपाट असतो तसा शिखरावरही असतो. सीमांत खर्च वरून खाली येताना सरासरीला छेदील तर ती जागा सरासरीचे शिखर ठरेल, तळ नव्हे. म्हणून 'खालून छेदतो' यातील 'खालून' हा शब्द उत्तरपत्रिकेत गाळून चालत नाही; तळ आणि शिखर यांतील भेद त्या एका शब्दात आहे.

आता आलेखाविषयी थोडेसे, कारण कोष्टकावरून आलेख काढताना बहुतेकांची गल्लत येथे होते. सरासरी बदलत्या खर्चाचा रकाना पाहा. त्याचा किमान आकडा ८२५ असून तो चौथ्या बाकापाशी आहे. चौथ्या बाकाचा सीमांत खर्च ८००, पाचव्याचा १०००. म्हणजे ८२५ हा आकडा सीमांत खर्चाच्या रकान्यात कोठेच नाही! विद्यार्थी मग गोंधळतो आणि नियम खोटा की कोष्टक खोटे, असे विचारतो. दोन्ही खरे आहेत. सुतार सव्वाचार बाके करून विकू शकत नाही. उत्पादन पायरी-पायरीने वाढते, त्यामुळे गाठ पायरीवरच पडेल असे नाही, ती दोन पायऱ्यांच्या मध्येही पडू शकते. अशा वेळी पाहावयाचे ते इतकेच की, सीमांत खर्च सरासरीच्या खालून वर कधी जातो. चौथ्या बाकाचे ८०० हे तीन बाकांच्या ८३३ या सरासरीपेक्षा कमी, म्हणून सरासरी उतरली. पाचव्याचे १००० हे ८२५ पेक्षा जास्त, म्हणून चढली. तळ चौथ्यापाशी. सरासरी एकूण खर्चाच्या बाबतीत आपल्याला बरोबर समता दिसली, ती आकडे तसे निवडले म्हणून.

त्याचप्रमाणे आलेखावर सीमांत खर्चाचा ठिपका कोठे द्यावयाचा? सहाव्या बाकाचे १३०० रुपये हे 'सहा' या बिंदूचे नाहीत, पाचापासून सहापर्यंतच्या वाटचालीचे आहेत. म्हणून ठिपका साडेपाचावर द्यावा. चौथ्या बाकाचा साडेतीनावर, आणि याप्रमाणे. सरासरीचे ठिपके मात्र पूर्ण संख्येवरच. असे केले की सरासरी एकूण खर्चाच्या पाच आणि सहा या ठिपक्यांमधून काढलेल्या गोलाईचा तळ साडेपाचाच्या आसपास येतो आणि सीमांताचा वक्र त्याच्यातून जातो. सरासरी बदलत्या खर्चाचा तळही साडेतीन आणि चार यांच्या दरम्यान येऊन बसतो व छेद तेथेच पडतो. सगळे ठिपके पूर्ण संख्येवर दिले तर हा दुसरा छेद तळाच्या किंचित उजवीकडे सरकलेला दिसतो. काही जण मग रबराने खोडून वक्र हवा तसा वाकवतात, त्याची गरज नाही.

वरच्या परिच्छेदांत दोन तळ आले. सीमांत खर्चाचा वक्र एकच आहे, पण तो आधी सरासरी बदलत्या खर्चाचा तळ गाठतो आणि नंतर, आणखी वर आणि उजवीकडे, सरासरी एकूण खर्चाचा. सरासरी स्थिर खर्चाला मात्र तो तळाशी छेदू शकत नाही, कारण त्याला तळच नाही. २२०० रुपये अधिकाधिक बाकांत विभागले जातात आणि ही सरासरी उतरतच राहते. सहाव्या बाकापाशी दोन ओढी समान झाल्या असेही म्हणता येईल : स्थिर खर्चाची वाटणी सरासरीला खाली ओढते आहे आणि गर्दीमुळे वाढलेली मजुरी तिला वर ओढते आहे.

येथून एक मजेदार गोष्ट निघते. समजा, शेडच्या मालकाने भाडे वाढवले आणि आठवड्याचा स्थिर खर्च २२०० वरून ४६०० वर गेला. सीमांत खर्चाच्या रकान्याचे काय होईल? काहीही होणार नाही. पुढचे बाक करण्यासाठी लाकूड आणि मजुरी लागते, भाडे लागत नाही. ते आधीच द्यावयाचे ठरलेले आहे. सरासरी एकूण खर्च मात्र सगळाच वर चढतो. पाच बाकांना तो आता ८९०० भागिले ५, म्हणजे १७८० पडतो, सहाला १७००, सातालाही १७००, आठाला १७६३. सातव्या बाकाचा सीमांत खर्च १७०० होताच. म्हणजे नवा तळ सहापासून सातावर सरकला आणि १३०० वरून १७०० वर गेला, पण तो राहिला त्याच जुन्या सीमांत खर्चाच्या वक्रावर. स्थिर खर्च किती का वाढवाना, सरासरीचा तळ त्या वक्रावरून जणू दोरीवरून सरकावे तसा वर सरकत जातो. आकृतीत भाडेवाढ दाखवताना जो विद्यार्थी सीमांताचा वक्रही वर उचलतो, त्याला हा विषय कळलेला नाही असे खुशाल समजावे. तसेच सरासरीचा वक्र सरळ वर उचलून तळ होता त्याच संख्येवर ठेवणेही चूक. तळ उजवीकडेही सरकला पाहिजे.

हा सारा हिशेब कागदावरचा नाही. कारखानदाराचे पोट त्यावर अवलंबून आहे. आपण जुन्याच भाड्याचे, २२०० रुपयांचे, कोष्टक धरू. एखाद्या संस्थेने बाकाला १२०० रुपये भाव देऊ केला. कारखानदार वही उघडतो आणि पाहतो की, बाक कितीही केली तरी सरासरी १३०० च्या खाली येत नाही. प्रत्येक बाकामागे निदान शंभर रुपये बुडणार! मग काम नाकारावे काय? पाचवे बाक १००० रुपयांत होते आणि १२०० आणते, तेव्हा तेथपर्यंत जाणे फायद्याचे. सहावे १३०० ला पडते, ते नको. पाच बाकांचे ६००० रुपये येतील, खर्च ६५०० होईल, तोटा ५००. कुलूप लावून घरी बसला तर भाडे आणि हप्ता द्यावाच लागतो, तोटा २२००. पाच बाके करणे हेच शहाणपणाचे. भाव ८२५ च्याही खाली गेला, म्हणजे सरासरी बदलत्या खर्चाच्या तळाखाली उतरला, तरच आठवडाभर शेड बंद ठेवणे बरे. कारण मग लाकूड-मजुरीसुद्धा सुटत नाही. अर्थात हे अल्पकाळाचे झाले. भाड्याचा करार संपेल तेव्हाही भाव १२०० च असेल तर कारखाना गुंडाळावाच लागेल.

उलट भाव १९०० असेल तर? सरासरी सर्वांत कमी तेथे नफा सर्वांत जास्त, असे वाटणे स्वाभाविक आहे. सहा बाकांचे ११४०० येतील, खर्च ७८००, नफा ३६००. परंतु सातवे बाक १७०० ला पडून १९०० आणते. सात बाकांचे १३३००, खर्च ९५००, नफा ३८००. सरासरी १३०० वरून १३५७ झाली आणि तरीही नफा वाढला. तळ ही सर्वांत स्वस्त जागा आहे, सर्वांत किफायतशीर जागा असेलच असे नाही. किती करावयाचे हे भाव आणि सीमांत खर्च ठरवतात. सरासरी खर्च सांगतो तो एवढेच की, ते करून अखेर नफा उरला की तोटा.

तळाच्या बिंदूने मोठ्या पंडितांनाही चकवले आहे. शिकागो विद्यापीठातील जेकब व्हायनर यांचा खर्चवक्रांवरील प्रसिद्ध लेख १९३१ साली आला. त्यात त्यांना दीर्घकालीन सरासरी खर्चाचा वक्र असा हवा होता की, तो अल्पकालीन वक्रांच्या वर कोठेही जाऊ नये आणि तरीही त्या प्रत्येकाच्या तळातून जावा. आकृती काढून देणारे वोंग हे गणिती होते. त्यांनी हरकत घेतली की, असा वक्र काढताच येत नाही. व्हायनर यांनी १९५० साली लेखाला जोडलेल्या टिपणात आपली चूक मान्य केली. वोंग यांची हरकत आपल्या नियमानेच पटते. दीर्घकालीन वक्र जेथे उतरतो आहे तेथे त्याला स्पर्श करणारा अल्पकालीन वक्रही त्या बिंदूत उतरताच असला पाहिजे. आणि जो उतरतो आहे तो तळाशी नाही. त्या जागी अल्पकालीन सीमांत खर्च सरासरीच्या खाली असतो. दोन्ही सरासऱ्या आणि दोन्ही सीमांत खर्च हे चौघे एकाच बिंदूत भेटतात ते फक्त दीर्घकालीन वक्राच्या स्वतःच्या तळाशी.

शेवटी एक प्रश्न उरतो : ही गाठ प्रत्येक कारखान्यात पडतेच काय? जोएल डीन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली एका फर्निचर कारखान्याच्या प्रत्यक्ष हिशेबांवरून सीमांत खर्च काढला, आणि पुढे मोज्यांची गिरणी व चामडी पट्ट्यांचा कारखाना यांचेही असेच अभ्यास केले. त्याला जे आढळले ते पाठ्यपुस्तकातील आकृतीसारखे नव्हते. उत्पादनाच्या ज्या टप्प्यातले आकडे त्याच्याकडे होते, त्या टप्प्यात सीमांत खर्च जवळजवळ सारखाच राहत होता. तो वर वळलेला दिसत नव्हता. आपल्या कोष्टकात प्रत्येक बाकाला, पहिल्यापासून आठव्यापर्यंत, सरसकट ८०० रुपयेच लागले असे धरून पाहावे. सरासरी एकूण खर्च मग ३०००, १९००, १५३३, १३५० असा उतरत आठव्याला १०७५ होतो आणि ८०० च्या जवळ जवळ जात राहतो, पण त्याला पोचत कधीच नाही. गाठ नाही, कारण तळ नाही; आणि तळ नाही, कारण सीमांत सरासरीच्या वर कधी गेलाच नाही. डीनच्या टीकाकारांनी असे म्हटले की, कारखाने सहसा आपल्या क्षमतेच्या आतच चालतात, म्हणून वक्र जेथे वर वळतो तो भाग हिशेबवहीत उतरतच नाही. आपल्या सुताराने रात्री थांबून सातवे आणि आठवे बाक कधी केलेच नसते, तर त्याच्याही वहीत सरासरीची चढण कोणाला दिसली नसती.